हातपाय कधी गळतात?

१९६४ साली फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, रिचर्ड सॉलोमन यांच्या प्रयोगशाळेत, कुत्र्यांनी एक प्रयोग बिघडवला. प्रयोग पावलोवच्या वळणाचा होता. आधी कुत्र्याला कापडी झोळीत बांधून ठेवायचं, एक सूर वाजवायचा आणि पाठोपाठ विजेचा झोंबणारा झटका द्यायचा. असं अनेकदा झालं की सूर आला म्हणजे झटका येणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. मग त्याला एका लांबट पेटीत सोडायचं. पेटीच्या मधोमध कुत्र्याच्या खांद्याइतका आडोसा. एका बाजूला झटका लागतो, उडी मारून पलीकडे गेलं की तो थांबतो. कोणतंही साधं कुत्रं हे थोड्याच वेळात शिकतं. पेटीत नुसता सूर वाजवला तर कुत्रं उडी मारतं का, एवढंच संशोधकांना पाहायचं होतं.

तिथवर गोष्ट पोहोचलीच नाही. झोळीतून आलेली कुत्री झटका सुरू झाल्यावर क्षणभर सैरावैरा धावली आणि मग खाली बसून कण्हत राहिली. पलीकडची मोकळी बाजू समोर दिसत होती, पाय मोकळे होते, तरी उडी कोणी मारेना. उडीच नाही तर सुराचा परिणाम मोजायचा कशावर? संशोधक वैतागले. तिथे नुकताच दाखल झालेला विशीतला विद्यार्थी मार्टिन सेलिगमन याला मात्र वाटलं, की बिघडलेला प्रयोग बाजूला ठेवा, हे जे दिसतंय तेच शोधायला हवं. त्याच्या जोडीला स्टीव्हन मायर हा दुसरा विद्यार्थी आला. या दोघांनी जनावरांना दिलेला त्रास आज वाचतानाही नकोसा होतो. पण त्यातून हाती आलेला प्रश्न साठ वर्षं मानसशास्त्राची पाठ सोडत नाहीये आणि त्याचं उत्तर मध्यंतरी चक्क उलटं फिरलं आहे.

प्रश्न असा होता: त्या कुत्र्यांना खचवलं कशानं, वेदनेनं की वेदनेवर काहीच उपाय चालत नाही या अनुभवानं? या दोन गोष्टी वेगळ्या कशा काढायच्या? दोघांनी यासाठी केलेली मांडणी आजही विद्यार्थ्यांना शिकवली जाते. आठ-आठ कुत्र्यांचे तीन गट. पहिल्या गटातल्या कुत्र्याच्या डोक्याशेजारी एक पट्टी. झटका सुरू झाला की डोक्यानं ती दाबायची, झटका बंद. दुसऱ्या गटातलं प्रत्येक कुत्रं पहिल्या गटाशी जोडलेलं. त्याला तेवढेच, तेवढ्याच वेळेचे चौसष्ट झटके, पण त्याची पट्टी निकामी. पहिल्या गटाचे झटके जितका वेळ चालले तितकाच वेळ याचेही चालणार, याच्या धडपडीचा त्याच्याशी काही संबंध नाही. तिसऱ्या गटाला झोळीत झटके नाहीतच. वेदना पहिल्या दोन गटांना सारखीच. फरक फक्त ती कोणाच्या हातात होती, याचा.

चोवीस तासांनी तिन्ही गट पेटीत गेले. दिवे मंद व्हायचे, दहा सेकंदांनी झटका सुरू व्हायचा. अशा दहा फेऱ्या. झोळीत पट्टी दाबून झटका थांबवलेली कुत्री बिनधास्त उडी मारायला शिकली. झटके न खाल्लेल्यांपैकीही एखादं सोडून सगळी शिकली. जोडलेल्या आठांपैकी सहांनी मात्र दहापैकी नऊ किंवा दहाही फेऱ्यांत सुटका करून घेतली नाही. १९६७ साली हे निकाल छापून आले आणि या अवस्थेला नाव मिळालं, शिकलेली हतबलता.

त्या काळच्या वर्तनवाद्यांना हे पटणं शक्य नव्हतं. त्यांच्या मते प्राणी शिकतो ती कृती. ‘मी काहीही केलं तरी फरक पडत नाही’ असा निष्कर्ष कुत्रं काढूच कसं शकेल? त्यांनी सरळ खुलासा दिला: झटका कधीतरी थांबतोच, त्या क्षणी कुत्रं गप्प असेल तर गप्प बसण्याची त्याला सवय लागते. हा आक्षेप तोडायला मायरनं एक सुरेख खेळी केली. त्यानं काही कुत्र्यांना झोळीत असं शिकवलं, की स्तब्ध राहिलं तरच झटका थांबेल. म्हणजे यांना स्थिर राहण्याचंच बक्षीस मिळालेलं. आक्षेप खरा असता, तर पेटीत सगळ्यांत ढिम्म हीच बसली असती. पण ती उडी मारायला शिकली! कारण त्यांचं स्तब्ध राहणं ही कृती होती आणि त्या कृतीला फळ होतं. बाहेरून पाहिलं तर दोन्ही कुत्री सारखीच निश्चल. एक हरलेलं, दुसरं कामात.

*

पुढे डोनाल्ड हिरोटो यानं हाच प्रयोग माणसांवर, झटक्यांऐवजी कर्कश आवाज वापरून केला. काही जणांना बटणं दाबून आवाज बंद करता यायचा, काहींना काही केल्या नाही. नंतर सगळ्यांना एक सोपं यंत्र दिलं: दांडा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेला की आवाज बंद. आधी हात टेकलेली बरीचशी माणसं दांड्याला हातही न लावता आवाज ऐकत बसली. कुत्र्यांसारखीच.

पण सगळी नाही. कुत्र्यांमध्येही जवळपास एक तृतीयांश कधीच खचली नव्हती आणि माणसांतही साधारण तेवढीच. काही मोजके तर आधी काहीच घडलेलं नसताना पहिल्यापासून स्वस्थ बसून होते. १९७५ साली ऑक्सफर्डमध्ये सेलिगमन व्याख्यान देत होता तेव्हा जॉन टीसडेल या मानसशास्त्रज्ञानं नेमकं यावर बोट ठेवलं: सगळ्यांना तोच अनुभव येतो, मग काही का कोसळतात आणि काही का नाही? आणि कोसळणाऱ्यांतही कोणी त्या खोलीपुरताच कोसळतो, कोणी आयुष्यभरासाठी, हे कसं? सेलिगमनला ही टीका इतकी मोलाची वाटली, की त्यानं टीकाकारालाच सोबत घेतलं. १९७८ साली लिन अब्रॅमसन, सेलिगमन आणि टीसडेल या तिघांनी मिळून सिद्धान्ताची नवी मांडणी केली.

त्यांचं म्हणणं असं: माणूस घटनेपाशी थांबत नाही, तो लगेच विचारतो, ‘हे का झालं?’ त्याचं जे उत्तर तो स्वतःला देतो, ते ठरवतं की हतबलता किती पसरणार आणि किती टिकणार. या उत्तराला तीन अंगं असतात. कारण कायमचं की तात्पुरतं? ते आयुष्यात सगळीकडे पसरलेलं की या एका जागेपुरतं? आणि ते माझ्यात की बाहेर? गणितात नापास झालेला मुलगा ‘मला अक्कलच नाही’ म्हणाला, तर कारण त्याच्यात, कायमचं आणि सगळीकडचं. ‘समीकरणांचा भाग मी केलाच नव्हता’ म्हणाला, तर कारण त्याच्यातलंच, पण तात्पुरतं आणि एका प्रकरणापुरतं. दोन्ही वेळा त्यानं खापर स्वतःवरच फोडलं. पण पहिल्या उत्तरात पुढच्या परीक्षेचा निकालही लागून गेला, दुसऱ्यात नाही.

प्रत्येकाची कारणं लावण्याची एक ठरावीक पद्धत असते आणि ती मोजता येते, असं या मंडळींनी दाखवलं. त्यासाठी त्यांनी एक प्रश्नावली केली. बारा काल्पनिक प्रसंग, सहा चांगले, सहा वाईट. प्रत्येकाचं मुख्य कारण स्वतःच्या शब्दांत लिहायचं आणि ते किती कायमचं, किती पसरलेलं, किती आपल्यातलं याला एक ते सात गुण द्यायचे. गंमत अशी, की निराशावादी माणूस चांगल्या प्रसंगांना नेमकं उलटं वागवतो. अपयश आलं तर ‘मी असाच’, यश आलं तर ‘या वेळी पेपरच सोपा होता’.

ही पद्धत नुसती बोलण्यापुरती आहे की हातापायांतही उतरते? याची एक परीक्षा बर्कलीच्या जलतरणपटूंवर झाली. प्रत्येकानं आपल्या आवडीची शर्यत जोर लावून पोहायची. मग प्रशिक्षक त्याला खऱ्यापेक्षा जास्त वेळ सांगणार, निराश करण्याइतका, पण खोटं पकडलं जाणार नाही इतपतच. थोडी विश्रांती आणि पुन्हा तीच शर्यत. प्रश्नावलीत आशावादी ठरलेले दुसऱ्या खेपेला तितकेच किंवा जास्त वेगानं पोहले. निराशावादी ठरलेले मंदावले, अंगात तेवढीच ताकद असताना. या चमूतला मॅट बियाँडी १९८८ साली सोल ऑलिंपिकला गेला. पहिल्या शर्यतीत त्याला कांस्य मिळालं आणि दुसरीत सुरिनामच्या अँथनी नेस्टीनं त्याला एका सेकंदाच्या शंभराव्या भागानं मागे टाकलं. अनेकांना वाटलं, आता हा खचणार. त्यानं उरलेल्या पाचही शर्यतींत सुवर्णपदक मिळवलं. एका माणसाच्या उदाहरणानं सिद्धान्त सिद्ध होत नाही, हे खरं. पण तो खचणार नाही, अशी सेलिगमनची अटकळ त्या तलावातल्या चाचणीवरूनच होती.

*

आता खरा प्रश्न: ही पद्धत बदलता येते का? आपला पहिला अंदाज असतो, की हरलेल्याला थोडं जिंकू द्यावं. सोपी गणितं द्यावीत, शाबासकी द्यावी, आत्मविश्वास आपोआप येईल. कॅरल ड्वेक या तरुण संशोधिकेनं १९७५ साली हाच अंदाज तपासला.

तिनं आठ ते तेरा वर्षांची बारा मुलं घेतली. ही मुलं एखादं गणित चुकलं की हातपाय गाळायची. नंतर आधी येत असलेली गणितंही त्यांना येईनाशी व्हायची. त्यांचे दोन गट केले. दोन्हींना पंचवीस सत्रं मिळाली. पहिल्या गटाला दर वेळी आवाक्यातलीच गणितं, म्हणजे यशावर यश. दुसऱ्या गटालाही बहुतेक वेळा यश, पण अधूनमधून मुद्दाम एखादी फेरी अशी, की ठरलेल्या वेळेत ठरलेली गणितं सुटणारच नाहीत. वेळ संपली की शिकवणारी व्यक्ती शांतपणे सांगायची: इतकी सुटायला हवी होती, तुझी इतकी सुटली, म्हणजे तुला आणखी जोर लावायला हवा होता. बस्स. ना रागावणं, ना कौतुक.

शेवटी दोन्ही गटांना अपयशाला सामोरं नेलं. नुसतं यश मिळालेली मुलं पूर्वीसारखीच कोसळली. पंचवीस सत्रांचं यश एका चुकीपुढे टिकलं नाही. दुसऱ्या गटातली मुलं अपयशानंतरही तितकीच गणितं सोडवत राहिली, काहींची तर कामगिरी सुधारली. कारण उघड आहे. पहिल्या गटाला यशाचा अनुभव मिळाला, पण अपयशाचं नवं कारण मिळालं नाही. चूक झाली की त्यांच्याजवळ तेच जुनं उत्तर होतं, ‘मी ढ’. दुसऱ्या गटातल्या मुलांनी चुकण्याचाच सराव केला होता आणि प्रत्येक चुकीला ज्यावर उद्या काही करता येईल असं कारण जोडायला ती शिकली होती.

यात एक खाचही आहे. ‘अजून कष्ट घे’ हे कारण तेव्हाच औषध ठरतं, जेव्हा कष्ट खरोखर कमी पडलेले असतात. रात्ररात्र जागणाऱ्या पोराला ते ऐकवलं, तर तो निष्कर्ष काढतो, ‘एवढं करूनही होत नाही, म्हणजे खरंच मी ढ.’ अशा वेळी बदलता येणारी गोष्ट कष्ट नव्हे, रीत असते: कोणत्या पायरीवर चुकतो, कोणतं सूत्र कच्चं आहे, कोणाला विचारायचं. पुढच्या काळात ड्वेकनं स्वतःच या गोष्टीवर भर दिला.

*

दरम्यान मायर वेगळ्या वाटेला लागला होता. कोलोरॅडो विद्यापीठात तो मेंदूविज्ञानाकडे वळला. जुनाच प्रयोग त्यानं आता उंदरांवर मांडला. उंदराच्या पुढच्या पायांशी एक छोटं चाक, ते फिरवलं की शेपटीला बसणारा झटका थांबतो. त्याला जोडलेल्या उंदराचं चाक बिनकामाचं. मेंदूच्या बुंध्यात सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींचा एक पुंजका आहे, डॉर्सल रॅफे. जोडलेल्या, निरुपाय उंदरांत हा पुंजका जोरात पेटलेला दिसतो. तो पेटला की भीती वाढते आणि पळण्या-झगडण्याची हालचाल थंडावते. चाक फिरवणाऱ्या उंदरांत तो शांत असतो. इथवर जुन्या सिद्धान्ताशी सगळं जुळत होतं: निरुपाय उंदीर काहीतरी शिकतो आणि पुंजका पेटतो.

२००५ साली मायरच्या गटानं एक पाऊल पुढे टाकलं. कपाळामागच्या मेंदूतला एक भाग, मिडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, त्यांनी औषध टोचून तात्पुरता बंद केला आणि उंदराला चाक फिरवू दिलं. उंदीर चाक नीट फिरवत होता, झटका थांबत होता. हुकूम त्याच्याच पायांत होता. तरी दुसऱ्या दिवशी तो हतबल उंदरासारखाच वागला! पुढे उलट प्रयोगही झाला. निरुपाय उंदराच्या मेंदूतला हाच भाग औषधानं चेतवला, तर खरोखर काहीच हातात नसतानाही तो खचला नाही.

याचा अर्थ मूळ कल्पनाच पालथी होते. खचणं शिकावं लागत नाही. लांबलेल्या त्रासाला सस्तन प्राण्याचा मेंदू देतो ते उपजत उत्तर म्हणजे गप्प पडणं. शिकावं लागतं ते दुसरंच: ‘माझ्या करण्यानं फरक पडतो.’ ते हेरायचं काम कपाळामागचा मेंदू करतो आणि एकदा हेरलं की तो खालच्या त्या पेटलेल्या पुंजक्यावर लगाम घालतो. एवढंच नव्हे, ज्या उंदरानं आधी कधी चाक फिरवून झटका थांबवलेला असतो, तो पुढे निरुपाय प्रसंगातही टिकून राहतो, कारण लगामाची ती वाट तयार झालेली असते. कुत्र्यांच्या बाबतीतही हे पूर्वीच दिसलं होतं. आधी सुटका शिकलेली कुत्री नंतरच्या झोळीतल्या झटक्यांनी खचत नव्हती. २०१६ साली मायर आणि सेलिगमन या दोघांनी, पन्नास वर्षांनंतर, एकत्र लेख लिहून जाहीर केलं, की आपण सिद्धान्त उलटा मांडला होता. स्वतःच्या नावावर असलेल्या शोधाबद्दल असं लिहिणारी जोडी विज्ञानात क्वचितच सापडते.

खचलेल्या कुत्र्यांवर त्यांनी १९६८ साली केलेला उपचारही आता नव्यानं उमगतो. पलीकडून हाका मारल्या, खाणं टाकलं, आडोसा काढून टाकला. कुत्री हलली नाहीत. मग गळ्यात पट्टा बांधून त्यांना ओढत पलीकडे न्यावं लागलं, पुन्हा पुन्हा. सुरुवातीला पूर्ण ताकदीनं ओढावं लागे, मग कमी, मग थोडासा हिसका पुरे, आणि शेवटी कुत्रं आपणहून उडी मारू लागे. ओढून नेतानाही त्याच्या मेंदूत एक नोंद होत होती: पाय हलले, झटका थांबला. हताश माणसाला ‘सकारात्मक विचार कर’ म्हणणं म्हणजे पलीकडून नुसत्या हाका मारणं.

*

मग माणसाच्या बाबतीत काय करायचं? सेलिगमननं जी रीत मांडली, तिचं मूळ अल्बर्ट एलिस आणि आरन बेक यांच्या मानसोपचारात आहे. एलिसची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली, त्यामुळे आपल्याकडे बऱ्याच वाचकांना तिचा सांगाडा ठाऊक असतो: घटना, तिच्याविषयीची समजूत आणि त्या समजुतीतून येणारा परिणाम. सेलिगमननं समजुतीत शोधायच्या गोष्टी नेमक्या केल्या. कायमचं, सगळीकडचं, माझंच.

एक उदाहरण करून पाहू. समजा, अविनाश नावाचे एक गृहस्थ, पन्नाशी ओलांडलेले, गाडी चालवायला शिकताहेत. एके दिवशी चढावरच्या सिग्नलला गाडी तीनदा बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ. शेवटी शिकवणाऱ्यानं गाडी पुढे काढली. अविनाश दुसऱ्या दिवशी क्लासला गेले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. कागदावर त्यांनी तीन रकाने पाडले. घटना: ‘चढावर गाडी तीनदा बंद पडली.’ मनात आलेलं: ‘या वयात हे होत नाही. मला यंत्रं कधीच जमली नाहीत. एकूणच मी मागे पडलेला माणूस आहे.’ परिणाम: ‘दोन दिवस क्लास बुडवला, घरात चिडचिड.’

पहिला रकाना लिहिताना फार लोक चुकतात. तिथे ‘माझी फजिती झाली’ असं लिहिलं, की निकाल आत शिरलाच. तिथे फक्त कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच लिहायचं. दुसऱ्या रकान्यातली वाक्यं मग एकेक करून तपासायची. ‘या वयात’ हे कायमचं, ‘यंत्रं’ हे गाडीपलीकडे पसरलेलं, ‘एकूणच मी’ हे सगळीकडचं आणि माझंच. तीन वाक्यांत चढावरची गाडी अख्ख्या माणसावर आली.

या वाक्यांचं खंडन स्वतःशी करणं सुरुवातीला अवघड जातं, कारण आपले आरोप आपल्याला आरोप वाटतच नाहीत. हेच वाक्य शेजारणीनं तोंडावर म्हटलं असतं, तर आपण दहा पुरावे तिच्यासमोर ठेवले असते. म्हणून कोणाला तरी समोर बसवणं सोपं. अविनाश यांच्यासमोर धाकटी बहीण बसली.

‘दादा, यंत्रं जमत नाहीत म्हणतोस, मग आईचं शिलाई मशीन कोण दुरुस्त करायचं?’

‘ते वेगळं होतं.’

‘बरं. सपाट रस्त्यावर गाडी बंद पडते तुझी?’

‘आता नाही पडत.’

‘मग चढावरच का पडली?’

अविनाश विचारात पडले. क्लच भरकन सोडला होता. हँडब्रेक लावून हाफ क्लचवर गाडी धरायची, हे ऐकलं होतं, पण हातानं एकदाही केलं नव्हतं. हॉर्न वाजले आणि घाई झाली.

इथे काय झालं, ते पाहा. पुरावा तपासला: ‘यंत्रं जमत नाहीत’ हे खोटं निघालं. दुसरी कारणं शोधली: बहुतेक घटनांना एकच कारण नसतं, निराशावादी मन त्यातलं सगळ्यांत कायमचं तेवढं निवडतं. आता उरतात दोन प्रश्न. यातलं काही खरं असेल तर त्याचा परिणाम किती? या वयात शिकायला जास्त वेळ लागतो, हे खरंच असेल. मग काही जास्तीचे क्लास लावावे लागतील, एवढंच. त्यातून ‘मागे पडलेला माणूस’ निघत नाही. आणि ही समजूत खरी असली तरी आत्ता तिच्यावर विचार करून फायदा आहे का? मागे हॉर्न वाजत असताना वयाचा हिशेब मांडून नाही. तेव्हा क्लचवर लक्ष हवं.

पण सगळ्यांत महत्त्वाची पायरी कागदाच्या बाहेर आहे. अविनाश यांनी शिकवणाऱ्याला सांगून सकाळी रिकाम्या चढावर नुसता हाफ क्लचचा सराव केला. इंजिनाचा आवाज बदलतो, बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं होतं, तेव्हा हँडब्रेक सोडायचा. गाडी मागे न सरकता पुढे गेली. मायरच्या भाषेत सांगायचं, तर चाक फिरलं आणि झटका थांबला. कारण बदलणारं वाक्य आणि फरक पाडणारी कृती ही दोन्ही एकत्र आली, तरच मेंदूत ते ठसतं. नुसतं वाक्य बदललं तर ते सुविचाराच्या फळ्यासारखं राहतं, आणि नुसती कृती केली तर ड्वेकच्या पहिल्या गटासारखं, पुढच्या चुकीपर्यंतच टिकतं.

खंडन लागू पडतंय की नाही, हे ओळखायला एक साधी खूण आहे. खरं खंडन झालं, की अंगात थोडी हालचाल येते, पुढची एखादी गोष्ट सुचते. ‘मी उत्तम चालक आहे’ असं घोकल्यावर तसं होत नाही, कारण त्याला पुरावा नाही आणि मनाला ते ठाऊक असतं. अचूक खंडन अनेकदा कमी गोड असतं: ‘चढावर हाफ क्लच मला अजून येत नाही.’ पण त्या ‘अजून’मध्ये उद्याचं काम असतं.

*

या रीतीला मर्यादाही आहेत आणि त्या सांगितल्याशिवाय हे सगळं अर्धवट राहील. फिलाडेल्फियाच्या परिसरात शाळकरी मुलांना हीच कौशल्यं शिकवण्याचा कार्यक्रम जेन गिलम, कॅरन रायविच आणि सहकाऱ्यांनी राबवला. पहिल्या चाचण्यांत नैराश्याची लक्षणं बरीच कमी झालेली दिसली. पण पुढे अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर, २००९ सालच्या आढाव्यात, फायदा खरा पण लहान असल्याचं स्पष्ट झालं. नैराश्य हा आजार झालेल्या माणसाला वही-पेन देऊन भागत नाही. आठवडे न् आठवडे झोप-भूक उडाली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञच गाठायला हवा.

दुसरी मर्यादा जास्त खोल आहे. कधी कधी कारण खरोखरच बाहेर आणि कायमचं असतं. पगार थकवणारा मालक, पाणी न येणारी वस्ती. तिथे ‘माझ्यातलं, बदलता येणारं’ कारण शोधत बसणं ही स्वतःची फसवणूक आहे. झोळीतल्या कुत्र्याची समजूत चुकीची नव्हती. झोळीत ती बरोबरच होती. चूक झाली ती झोळीतला निष्कर्ष पेटीत नेण्यात. म्हणून विचारायचं ते असं: ही जागा खरंच तीच आहे का, की मी मागच्या जागेचं उत्तर इथे देतोय? झोळीच असेल, तर ती तोडायला इतरांना सोबत घ्यावं लागतं, प्रश्नावली पुरी पडत नाही.

आणि शेवटी, निराशावाद सगळीकडून हाकलून द्यायचाही नाही. सेलिगमनचा नियम व्यवहारी आहे: चुकलं तर किंमत किती, हे आधी विचारा. नोकरीचा अर्ज, नव्या माणसाला फोन, चढावर पुन्हा गाडी घालणं. चुकलं तरी जखम लहान, इथे आशावादी कारण निवडा. विमानाच्या पंखावरचा बर्फ पुन्हा एकदा साफ करायचा का, हे ठरवणाऱ्या वैमानिकानं मात्र सगळ्यांत वाईट तेच गृहीत धरावं. अविनाश यांनाही हाच नियम लागू आहे. चढावर गाडी पुन्हा बंद पडेल, या भीतीला त्यांनी उलट जाब विचारावा. घाटात, पावसात, रात्री ओव्हरटेक करायचा की नाही या शंकेचं मात्र निमूटपणे ऐकावं.